कल्हईवाल्याचा परिच्छेद

आमच्या दिवाळी अंकाकडे आलेले लेख मी बावीस वर्षं वाचतो आहे. जूनपासून पाकिटं यायला लागतात, आता पाकिटांच्या जोडीला ईमेलही. त्यातले बरेच लेख म्हणजे पहिला खर्डा असतो. एका बैठकीत लिहिलेला, एकदा वरवर वाचलेला, शुद्धलेखन तपासलेला आणि पाठवून दिलेला. पहिल्या खर्ड्यात पाल्हाळ असणारच, माझ्याही असतं. पण ते काढायचं कसं, हे शाळेत कोणी शिकवत नाही. उलट निबंधाला शब्दसंख्या ठरलेली असते आणि ती भरावी लागते, म्हणून भरायचं कसं ते मात्र पक्कं शिकवलं जातं.

दोन वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षिकेने लहानपणच्या गावातल्या कल्हईवाल्यावर लेख पाठवला होता. त्यातला पहिला परिच्छेद त्यांच्या परवानगीने इथे देतो. हा परिच्छेद वाईट नाही. असे परिच्छेद रोज छापून येतात, म्हणूनच तो घेतला.

«पूर्वीच्या काळी प्रत्येक घरात मोठ्या प्रमाणात तांब्या-पितळेची भांडी वापरली जात असत. आजच्या धकाधकीच्या जीवनात स्टीलच्या आगमनामुळे ही भांडी कुठेतरी हरवत चालली आहेत असे म्हटले तर वावगे ठरू नये. या भांड्यांना कल्हई करण्याचे काम कल्हईवाल्याकडून करण्यात येत असे. कल्हईवाला हा खऱ्या अर्थाने गावाच्या जीवनाचा एक अविभाज्य घटक होता. तो गावात आला की सर्व बायका आपापली भांडी घेऊन त्याच्याकडे जात असत आणि आपली भांडी त्याच्याकडून कल्हई करून घेत असत. कल्हई केलेल्या भांड्यात शिजवलेले अन्न आरोग्याच्या दृष्टीने अत्यंत लाभदायक असते. आमच्या गावातही असाच एक कल्हईवाला दर वर्षी येत असे आणि त्याची ती भट्टी, तो भाता आणि नवसागराचा तो उग्र वास आजही माझ्या स्मृतिपटलावर जसाच्या तसा कोरला गेला आहे.»

हे 105 शब्द झाले. आता पेन्सिल घेऊया. पेन्सिल म्हणतो ते मुद्दाम, कारण खोडलेला शब्द खालून दिसत राहिला पाहिजे. पुष्कळदा दुसऱ्या दिवशी तो परत घ्यावा लागतो. संगणकावर काम करणाऱ्यांनी मूळ खर्ड्याची एक प्रत बाजूला ठेवावी आणि मगच हात घालावा.

पहिला हात भरतीच्या शब्दांवर. ओळखायची रीत सोपी आहे. शब्द झाकायचा आणि वाक्य मोठ्याने वाचायचं. अर्थातून काही गेलं नाही, तर तो शब्द भरतीचा. ‘मोठ्या प्रमाणात’ झाका, काही जात नाही. ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’ झाकलं तर वाक्य उलट सुधारतं, कारण धकाधकीचा पितळेशी काहीच संबंध नाही. ‘कुठेतरी’ हा अलीकडे फार माजलेला शब्द आहे. भांडी कुठे हरवली ते सांगायचं नसतं, नुसता हळवा सूर लावायचा असतो. ‘असे म्हटले तर वावगे ठरू नये’ हे सहा शब्द तर वाक्य संपल्यावर दाराशी रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखे आहेत. ‘खऱ्या अर्थाने’ आल्यावर खोटा अर्थ कोणता होता, असा प्रश्न विचारावा आणि तो खोडावा.

‘करण्याचे काम कल्हईवाल्याकडून करण्यात येत असे’ या रचनेपाशी थोडं थांबतो, कारण ती आपल्या लिहिण्यात सगळीकडे पसरली आहे. तिचं घर सरकारी पत्रव्यवहारात आहे. तिथे ‘आपणास कळविण्यात येते’ याला अर्थ आहे. कळवणारी व्यक्ती बदलते, कार्यालय कायम असतं. लेखात मात्र ही रचना करणाऱ्या माणसाला वाक्याच्या आड ढकलते. ‘झाडे तोडण्यात आली’ हे वाक्य वाचताना लगेच विचारावं, कोणी? उत्तर ठाऊक असेल तर ते कर्त्याच्या जागी बसवायचं आणि ठाऊक नसेल तर आधी शोधायचं. इथे उत्तर वाक्यातच होतं, फक्त ‘कडून’ला अडकलेलं. ‘कल्हईवाला कल्हई करी’ एवढ्यात ते सुटलं.

एकाच गोष्टीला दोनदा पाणी घालणारे शब्द या परिच्छेदात कमी होते, पण लेखात पुढे बरेच सापडले: ‘सुमारे पन्नासच्या आसपास’, ‘परत पुन्हा’, ‘फक्त दोनच’. यातला कोणताही एक पुरतो. ‘फक्त दोन’ म्हणा किंवा ‘दोनच’ म्हणा.

एवढं झाल्यावर परिच्छेद असा उरला:

«पूर्वी प्रत्येक घरात तांब्या-पितळेची भांडी असत. स्टील आल्यावर ती हरवत चालली. या भांड्यांना कल्हईवाला कल्हई करी. तो गावाच्या जीवनाचा अविभाज्य घटक होता. तो आला की सर्व बायका भांडी घेऊन जात आणि कल्हई करून घेत. कल्हई केलेल्या भांड्यातले अन्न आरोग्याला चांगले असते. आमच्या गावातही असा कल्हईवाला दर वर्षी येई. त्याची भट्टी, भाता आणि नवसागराचा उग्र वास आजही आठवतो.»

105 शब्दांचे 57 झाले. संपादनावर बोलणारे बरेच जण इथे थांबतात आणि किती कापलं ते समाधानाने मोजतात. पण परिच्छेद पुन्हा वाचून पाहा. तो नीटनेटका झाला आहे, आणि त्यात काहीच नाही हे आता स्पष्ट दिसतं आहे. फुगलेल्या वाक्यांनी ते झाकून ठेवलं होतं. माझ्या अनुभवात भरतीचे शब्द खर्ड्यात कुठेही उगवत नाहीत. लिहिणाऱ्याला नेमकं आठवत नसतं, किंवा आठवायचं त्याने पुढे ढकललेलं असतं, तिथेच ते दाटीने येतात. म्हणून कापलेल्या जागा मी समासात खुणा करून ठेवतो. पुढचं काम त्याच जागांवर असतं.

दुसरा हात मोघम विधानांवर. प्रत्येक विधानापुढे मी समासात एक प्रश्न लिहितो आणि लेखकाला पाठवतो. मराठीत ही रीत जुनी आहे. ‘सत्यकथा’ मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लेखकांशी पत्रांतून असंच काम करत. मी फोन करतो. त्या फोनवरचं बोलणं जसं आठवतं तसं सांगतो.

“बाई, ‘प्रत्येक घरात’ लिहिलंय. खरंच प्रत्येक?”

“म्हणजे... बहुतेक घरांत.”

“तुमच्या शेजारी कोण राहायचं?”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “अहो, शेजारी एक शेतमजुरी करणारं कुटुंब होतं. त्यांच्याकडे मातीची भांडी. नंतर जर्मनची आली. पितळेचा एक तांब्या होता फक्त, तोही लग्नातला.”

‘प्रत्येक’, ‘सर्व’, ‘सगळे’ हे शब्द एरवी निरुपद्रवी वाटतात. इथे त्यांनी शेजारचं अख्खं घर पुसून टाकलं होतं. कल्हईवाल्याकडे सगळ्या बायका जात नव्हत्या. ज्यांच्याकडे पितळ होतं त्याच जात होत्या. असा शब्द दिसला की नियमाबाहेरचं एक तरी उदाहरण आठवून पाहावं. आठवलं तर विधान बदलायचं, आणि पुष्कळदा लेखातली सगळ्यात जिवंत गोष्ट त्या उदाहरणातच सापडते. बाईंच्या लेखात पुढे त्या तांब्यावर एक परिच्छेद आला. तो पहिल्या खर्ड्यात नव्हता.

“आणि आरोग्याला लाभदायक म्हणजे काय? कशाला लाभ?”

“असं सगळे म्हणतात.”

“तुमच्या घरी कल्हई उडालेल्या पातेल्यात स्वयंपाक केला तर काय व्हायचं?”

“कढी कळकायची.”

हाच तो शब्द. कळकणं. पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की त्याला येणारी ती विचित्र चव आणि हिरवट झाक ज्याने पाहिली आहे, त्याला हा शब्द समजावावा लागत नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ताक, चिंच, आमसूल यांतलं आम्ल तांब्याला लागतं, तांबं अन्नात उतरतं आणि पदार्थ बिघडतो. मधे कथलाचा पातळ थर असला की ही गाठ पडत नाही. कल्हईचं काम एवढंच. ‘लाभदायक’ या शब्दात यातलं काहीही नव्हतं. शिवाय तो शब्द पूर्ण खराही नव्हता. कथलात शिसं मिसळलेलं असेल तर तीच कल्हई अपायकारक होते. मोघम विधानाचा हा खरा धोका आहे. ते इतकं गुळगुळीत असतं की त्यातलं चूक-बरोबर तपासायला बोट टेकवायला जागाच मिळत नाही. ‘कढी कळकते’ हे मात्र तपासता येतं, कोणालाही, घरच्या घरी.

‘उग्र वास’ याविषयी विचारल्यावर बाई थांबेचनात. खड्डा किती खोल, भाता कशाचा, पोराने पातेल्यात उभं राहून ते कसं घासायचं, नवसागर टाकल्यावर धूर कसा उठायचा. हे सगळं त्यांना साठ वर्षांनंतर स्वच्छ आठवत होतं, तरी लिहिताना त्यांनी ‘स्मृतिपटलावर कोरला गेला आहे’ एवढं लिहून दार लावून घेतलं होतं. आठवतं असं सांगण्यात जे 28 शब्दांचं वाक्य खर्च झालं, त्यात आठवण स्वतः आलीच नाही. ‘ते वर्णन शब्दांत करणे कठीण’, ‘तो क्षण अविस्मरणीय होता’ ही वाक्यंही याच जातीची. अशा वाक्यापुढे मी समासात एवढंच लिहितो: काय दिसलं?

आठ दिवसांनी बाईंनी परिच्छेद नव्याने लिहून पाठवला. मी त्यात दोन शब्द कापले. तो असा:

«दिवाळीच्या आधी कल्हईवाला मारुतीच्या पारापाशी बसायचा. हातभर खड्ड्यात कोळसे आणि खड्ड्याला जोडलेला चामड्याचा भाता. त्याचा मुलगा वाळू टाकलेल्या पातेल्यात उभा राहून कमरेतून डावी-उजवीकडे वळत राहायचा. पितळ घासून उजळलं की पातेलं भट्टीवर. तापलेल्या पातेल्यात नवसागर पडला की पांढरा धूर उठायचा, आम्ही मुलं नाक दाबून मागे सरायचो आणि लगेच पुन्हा पुढे यायचो. त्या धुरातच तो कथलाची कांडी टेकवायचा आणि कापसाच्या बोळ्याने आतलं पितळ पांढरं करून टाकायचा. त्या दिवशी घरी कढी असायची. कल्हई उडालेल्या पातेल्यात ती कळकते, म्हणून आईने ती महिनाभर केलेली नसायची.»

हे 80 शब्द आहेत. कापलेल्या मजकुरापेक्षा 23 जास्त, मूळ खर्ड्यापेक्षा 25 कमी. ‘आजही आठवतो’ हे शब्द गेले, कारण आता ते वाचणाऱ्यालाच कळतं. भाषाही बदलली. ‘येत असे’, ‘म्हटले’ जाऊन ‘बसायचा’, ‘उजळलं’ आलं. ते मी सुचवलं नव्हतं. डोळ्यांसमोरचं लिहायला लागल्यावर बाई आपल्या बोलीत आल्या.

पुनरुक्तीचं काम परिच्छेदापुरतं बघून चालत नाही, त्याला सगळा लेख पसरून बसावं लागतं. मूळ परिच्छेदात भांड्याचा शब्द सहा वेळा आणि कल्हईचा सहा वेळा होता. वाक्यं सुटसुटीत झाल्यावर ती गर्दी आपोआप कमी झाली. शब्द पुन्हा येण्याची भीती मात्र फार बाळगू नये. शाळेत ती इतकी बिंबवलेली असते की माणसं एकदा ‘कल्हईवाला’ लिहिल्यावर पुढे ‘हा कारागीर’, मग ‘हा कलावंत’, मग ‘भांड्यांचा हा जादूगार’ लिहितात. चौथ्या नावापर्यंत वाचणाऱ्याला वाटतं, गावात चार जण आले होते. कल्हईवाला तो कल्हईवालाच. वीस वेळा आला तरी चालेल.

खरी पुनरुक्ती म्हणजे तोच विचार वेगळ्या कपड्यांत परत येणं. ती वाचताना सहज दिसत नाही, कारण शब्द दर वेळी नवे असतात. तिच्यासाठी मी एक करतो. लेखाची छापील प्रत घेतो आणि प्रत्येक परिच्छेदासमोर समासात तीन-चार शब्दांत लिहितो की हा परिच्छेद काय सांगतो. मग लेख बाजूला ठेवून फक्त समास वाचतो. बाईंच्या लेखात अकरा परिच्छेद होते. त्यांतल्या चौथ्या, सातव्या आणि अकराव्या परिच्छेदांसमोर मी तेच लिहून बसलो होतो: ‘आता हे राहिलं नाही’. चौथ्यात ते स्टीलच्या निमित्ताने आलं होतं, सातव्यात नव्या पिढीच्या आणि अकराव्यात एकूण संस्कृतीच्या. तिन्हींतला चौथा ठेवला, कारण त्यात एक घडलेली गोष्ट होती. आईने पितळी पातेली मोडीत देऊन स्टीलचा डबा घेतला, तो दिवस. सातव्यात आणि अकराव्यात नुसती हळहळ होती, ते गेले.

हे समासाचं काम मी आधी सांगायला हवं होतं, कारण प्रत्यक्षात ते सगळ्यात आधी करायचं असतं. वाक्यं घासत बसलं आणि मग अख्खा परिच्छेदच काढावा लागला, तर दोन संध्याकाळी वाया जातात. त्याहून वाईट म्हणजे घासून चकचकीत केलेला परिच्छेद काढायला मन होत नाही. आधी परिच्छेद, मग वाक्यं, शेवटी शब्द. आणि सगळ्याच्या आधी पहिल्या परिच्छेदावर हात ठेवून लेख दुसऱ्यापासून वाचून पाहावा. बऱ्याच लेखांत पहिला परिच्छेद म्हणजे लिहिणाऱ्याने स्वतःला तापवण्यासाठी घातलेल्या उठाबशा असतात, लेख दुसऱ्यातच सुरू होतो.

कापण्याची सवय लागली की हात सैल सुटतो, हेही सांगितलं पाहिजे. मराठीत लहान लहान शब्दांवर फार मोठी ओझी असतात. ‘तो आला’, ‘तो आलाच’, ‘तो आला की’, ‘तो आला ना’ ही चार वेगवेगळी वाक्यं आहेत. झाकून पाहण्याची माझी कसोटी घाईत वापरली तर शेपटाकडचं ते अक्षर भरतीचं वाटतं. ‘हळूहळू’, ‘पुन्हापुन्हा’, ‘दगडधोंडे’ यांत शब्द दुणावलेले दिसतात, पण ती पुनरुक्ती नाही, भाषेची चाल आहे. एकटं ‘हळू’ म्हणजे ‘हळूहळू’ नव्हे.

माझ्या हातून झालेली एक चूक अजून बोचते. एका लेखकाने आपल्या गावच्या विहिरीविषयी लिहिलं होतं की ती म्हणे एका सरदाराने एका रात्रीत बांधून घेतली. मला ‘म्हणे’ लिहिण्यातला ढिलेपणा वाटला. खोडला. अंक निघाला आणि एका वाचकाने पत्र लिहून विचारलं, एका रात्रीत विहीर बांधल्याचा पुरावा काय? लेखकाने तर तसा दावा केलाच नव्हता. गावात सांगतात ते त्याने सांगितलं होतं आणि ‘म्हणे’ या दोन अक्षरांत स्वतःला प्रामाणिकपणे वेगळं ठेवलं होतं. मी ती अक्षरं काढून ऐकीव गोष्टीचा इतिहास करून टाकला. पुढच्या अंकात खुलासा छापला, लेखकाची माफी मागितली.

तेव्हापासून शंकेचे शब्द खोडण्याआधी मी थांबतो. ‘म्हणे’, ‘बहुधा’, ‘असावा’, ‘माझ्या आठवणीप्रमाणे’ हे शब्द विधान किती पक्कं आहे ते सांगतात. ‘असे म्हटले तर वावगे ठरू नये’ यात मात्र कोणतीच शंका नसते, शंकेचा आव असतो. दोन्ही वाक्याच्या एकाच जागी येतात आणि घाईत सारखेच दिसतात. वेगळे करायचा उपाय एकच, लिहिणाऱ्याला विचारायचं: तुम्हाला खरंच खात्री नाही का? बाईंच्या लेखात ‘साधारण 1962च्या सुमारास’ असं होतं. विचारल्यावर त्या म्हणाल्या, “वर्ष नक्की नाही, पण मी चौथीत होते.” मग आम्ही वर्षच काढलं आणि ‘मी चौथीत होते तेव्हा’ असं ठेवलं. त्याची त्यांना खात्री होती.

‘गावाच्या जीवनाचा अविभाज्य घटक’ या शब्दांसमोर मी समासात विचारलं होतं: त्याचं नाव काय? नाव मिळालं तर ‘घटक’ जाऊन माणूस येईल, एवढाच माझा हेतू होता. बाईंना नाव आठवेना. त्यांनी गावाकडे फोन लावले. थोरल्या भावाला, एका मैत्रिणीला, आणि पाराशेजारी ज्यांचं घर आहे त्या ब्याऐंशी वर्षांच्या काकूंना. भट्टीची जागा तिघांनाही आठवत होती. त्याच्या मुलाचा पातेल्यातला नाच काकूंनी फोनवर वर्णन करून सांगितला. नाव कोणालाच सांगता येईना. बाईंनी मला कळवलं की प्रश्न सुटला नाही, ते वाक्य काढून टाका. मी म्हटलं, काढू नका, जे झालं तेच लिहा. छापलेल्या लेखात ‘अविभाज्य घटक’ होता त्या जागी आता असं आहे: ‘तो दर वर्षी यायचा, आठ दिवस राहायचा, आमच्या ओट्यावर भाकरी खायचा. त्याचं नाव गावात कोणालाच माहीत नाही. मी तिघांना विचारलं.’